सुटला, पण कशावर सुटला?

14 ऑक्टोबर 2022. नागपूर खंडपीठाने प्रा. जी. एन. साईबाबा खटल्याचा निकाल दिला आणि मी घाईघाईत बातमी पाठवली. मथळा माझाच होता, 'साईबाबांसह सर्वांची निर्दोष मुक्तता'. दुसऱ्या दिवशी शनिवार. सुट्टीच्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाचं खास पीठ बसलं आणि त्या निकालाला स्थगिती मिळाली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "काय भाऊ, काल सुटला न, मग आज पुन्हा आत कसा? एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही म्हनते न?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. पुढे निकालपत्र शांतपणे वाचलं, तेव्हा कळलं की चूक माझ्या मथळ्यातच होती.

राज्यघटनेच्या कलम 20 मध्ये आरोपीसाठी तीन संरक्षणं आहेत. त्यातलं दुसरं म्हणजे, एकाच गुन्ह्यासाठी कोणावरही दुसऱ्यांदा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही. घटनेचे शब्द 'खटला आणि शिक्षा' असे आहेत, म्हणजे पहिल्या वेळी शिक्षा झालेली असली तरच ते लागू होतं. निर्दोष सुटलेल्या माणसाला संरक्षण देतं ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 300, जे आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 337 झालं आहे. पण त्याचीही एक अट आहे. आधीचा खटला सक्षम न्यायालयात, म्हणजे तो चालवायचा अधिकार असलेल्या न्यायालयात, चाललेला हवा. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही लिहिलं आहे की आरोपातून वगळणं म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे.

आता आपल्या खटल्याकडे येऊ. यूएपीएखाली खटला चालवायचा तर कलम 45 प्रमाणे सरकारची मंजुरी लागते. त्याआधी एका स्वतंत्र अधिकाऱ्याने पुरावा तपासून शिफारस करायची असते. हे उगाच ठेवलेलं नाही. कायदा कडक, जामीन कठीण, म्हणून माणसाला त्यात ओढण्याआधी पोलिसांबाहेरच्या कोणीतरी कागद वाचावेत, एवढीच अपेक्षा. या खटल्यात गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 21 फेब्रुवारी 2015 ला आरोप निश्चित केले. साईबाबांबाबतची मंजुरी आली 6 एप्रिल 2015 ला. म्हणजे खटला आधी उभा राहिला आणि परवानगी नंतर आली. बाकी पाच जणांची मंजुरी वेळेत होती, पण तिच्यामागची शिफारस कारणांशिवाय, जेमतेम काही ओळींची होती.

2022 मध्ये न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांनी एवढ्याच मुद्द्यावर निकाल दिला. वैध मंजुरीच नाही, म्हणून खटलाच शून्य. पुरावा खरा की खोटा, यात ते गेलेच नाहीत. आणि इथेच टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. खटला शून्य ठरला की कायद्याच्या नजरेत तो झालाच नाही. जो झालाच नाही, त्याच्या जोरावर 'दुसऱ्यांदा नको' असं कसं म्हणणार? सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच बैजनाथ प्रसाद त्रिपाठी या भोपाळच्या फौजदाराच्या लाचेच्या खटल्यात हे सांगून ठेवलं आहे. मंजुरी अवैध म्हणून सुटला असशील, तर नवी मंजुरी घेऊन नवा खटला चालू शकतो. नागपूर खंडपीठानेही निकालात नोंदवलं की अशा वेळी दुहेरी खटल्याचा नियम आड येत नाही. म्हणजे ज्याला मी 'निर्दोष' लिहिलं, त्याच्यासाठी दार अर्धंच उघडलं होतं.

19 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून अपील परत पाठवलं आणि दुसऱ्या पीठाने ते सगळ्या मुद्द्यांवर ऐकावं असं सांगितलं. 5 मार्च 2024 ला न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मीकी मेनेझेस यांनी सगळ्यांना पुन्हा सोडलं. या वेळी मंजुरीसोबत पुरावाही तपासला होता, जप्तीपासून सगळा, आणि तो शिक्षेला पुरेसा ठरला नाही. ही खरी निर्दोष मुक्तता. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. 11 मार्चला स्थगिती नाकारली गेली, अपील मात्र दाखल झालं. अपील म्हणजे दुसरा खटला नाही, तो पहिल्याच खटल्याचा पुढचा टप्पा असतो. त्यामुळे कलम 20 अपिलाला अडवत नाही.

याच खटल्यात कलम 20 चं तिसरं संरक्षणही दिसतं, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही ते. गडचिरोलीतल्या दोन आदिवासी तरुणांचे कबुलीजबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदले होते. नंतर दोघांनीही ते फिरवले. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून तपासात माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नेलं जातं. तिथे त्यांनी आधी सांगायचं असतं, 'तू बोलायला बांधील नाहीस, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल'. मग तो स्वखुशीने बोलतोय याची खात्री करून तसं खाली लिहून द्यायचं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो 'मला नाही बोलायचं' म्हणाला तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. ही तरतूद नसती तर नकाराला काही अर्थच उरला नसता, कारण रात्री परत त्याच कोठडीत जायचं आहे हे त्याला माहीत असतं. म्हणून फिरवलेला जबाब वाचताना मी आता जबाबात काय आहे हे नंतर बघतो. त्या दिवशी आरोपी कुठून आणला होता, विचार करायला वेळ मिळाला का, वकील होता का, हे आधी विचारतो.

या संरक्षणाचीही हद्द आहे. 1961 मध्ये मुंबई राज्याच्याच काठी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. हे संरक्षण आहे ते माणसाच्या डोक्यातलं जबरदस्तीने बाहेर काढण्याविरुद्ध.

आता हिशेब बघा. 2013 ला पहिली अटक, 2017 ला जन्मठेप, 2024 ला सुटका. ज्या दोघांनी कबुलीजबाब फिरवला, त्यातला एक ऑगस्ट 2022 मध्येच कोठडीत असताना नागपुरात वारला, पहिल्या निकालाच्या दीड-दोन महिने आधी. साईबाबा 7 मार्च 2024 ला नागपूर मध्यवर्ती कारागृहातून बाहेर आले आणि त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला हैदराबादेत वारले. मंजुरीचा कागद सुरुवातीलाच कोणी नीट वाचला असता तर यातली बरीच वर्षं वाचली असती. कलम 20 दुसरा खटला थांबवतं, पहिला किती वर्षं चालावा यावर त्यात एक शब्द नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. 'सुटला' असं लिहायच्या आधी निकालाचं शेवटचं पान बघायचं. खटला शून्य ठरला म्हणून सुटला, की पुरावा टिकला नाही म्हणून? पहिलं असेल तर 'निर्दोष' हा शब्द मी वापरत नाही. त्या टपरीवाल्या भाऊला परवा हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे दोनदा सुटावं लागलं न त्याले."

हो. दोनदा.