उताऱ्यातला शब्द आणि घरातला शब्द

उताऱ्यातल्या अनोळखी शब्दाचा अर्थ विचारणारा प्रश्न आला की आपली मुलं म्हणतात, "सर, शब्दच माहीत नाही, सोडून दिला." मी विहारातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी शिकवतो, तिथे हे नेहमी ऐकतो. पण हा प्रश्न शब्द माहीत नसणाऱ्यासाठीच असतो. निदान तसा असायला हवा.

सरावासाठी मी तयार केलेला एक उतारा पाहा. 'दुष्काळात गावातल्या बहुतेकांनी सावकाराकडून कर्ज काढले. सखूबाई मात्र मितव्ययी होती. दोन वर्षांच्या मजुरीतून तिने थोडे थोडे मागे टाकले होते. शेजारणीलाही तिने पायलीभर ज्वारी दिली.' मितव्ययी म्हणजे काय? पर्याय: श्रीमंत, कंजूष, कष्टाळू, काटकसरी.

आधी तो शब्द बोटाने झाका. पर्यायही पाहू नका. त्या जागी स्वतःचा शब्द घाला. एका मुलीने लगेच सांगितलं, "जपून खर्चणारी." उत्तर तिथेच आलं होतं. मग पर्याय तपासायचे. 'मात्र' सांगतो की सखूबाई कर्ज काढणाऱ्यांपेक्षा वेगळी आहे. एवढ्यावर 'श्रीमंत'ही बसतो, म्हणून बरीच मुलं तिथेच खूण करून मोकळी होतात. पण पुढच्या वाक्यात मजुरी आहे. कष्टाळू ती असेलच, पण पैसे मागे टाकण्याचा खुलासा त्या शब्दाने होत नाही. आणि कंजूष बाई दुष्काळात पायलीभर ज्वारी देत नाही. राहिला काटकसरी.

काटकसर काय असते हे आपल्या मुलांना कुणी शिकवायची गरज नाही, त्यांच्या आयांनी त्यावरच घर चालवलं. त्यांच्या घरात नाही तो फक्त 'मितव्ययी' हा संस्कृत शब्द. उतारा नीट लिहिलेला असेल तर ही उणीव आड येत नाही. पण नुसतंच 'सखूबाई मितव्ययी होती आणि गावात तिला मान होता' असं लिहिलं, तर चारही पर्याय चालतात. तेव्हा परीक्षा वाचनाची राहत नाही, कोणाच्या घरात कोणती भाषा बोलतात याची होते.

अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत शब्दांच्या जोड्या लावायचे प्रश्न असत. त्यात 'रेगाटा', म्हणजे नौकांची शर्यत, हा शब्द आला होता. ज्यांच्या वस्तीत नौका नाहीत त्यांनी तो कुठून आणायचा, अशी टीका झाली. जोड्यांचे प्रश्न 2005 मध्ये काढले गेले.

आपल्याकडे सराव परीक्षा काढणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक करावं. प्रश्न छापण्याआधी शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवून उतारा पाच मुलांना द्यावा, पर्याय न देता. पाचही जण साधारण एकाच अर्थाचं लिहीत असतील तर प्रश्न ठेवा. पाच जणांची पाच उत्तरं आली, तर उताऱ्यात खूणच नाही. मग एक वाक्य वाढवा, नाहीतर प्रश्न काढून टाका. आम्ही 'पायलीभर ज्वारी' नंतर घातली, कारण त्याआधी दोन मुलांनी 'चिक्कू' लिहिलं होतं.