आस्कंदाची बरणी

महाशिवरात्रीला परळीला गेले होते. वैजनाथाच्या पिंडीत अमृत आणि धन्वंतरी लपले आहेत अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. त्यामुळे देवळाच्या वाटेवर जडीबुटीचं दुकान मांडून बसलेल्या माणसाला फार बोलावं लागत नाही. पांढरट, बोटभर लांबीच्या मुळ्या त्यानं माझ्या नाकाशी धरल्या. खरोखर घोड्याच्या घामासारखा उग्र दर्प होता. अश्वगंधा हे नाव त्यावरूनच पडलं. माझी आई तिला आस्कंद म्हणायची. त्यानं माझ्यासमोर मुळ्या कुटून दिल्या आणि अर्धा किलो चूर्ण घेऊन मी अंबाजोगाईला परतले.

मला झोप हवी होती, एवढंच. मुलगा लातूरला नीटची तयारी करत होता. त्याचा चाचणी परीक्षेचा आकडा रात्री मोबाइलवर यायचा, आणि आकडा चांगला असो की वाईट, मी दोन वाजता टक्क जागी. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी वेगळाच सल्ला दिला होता: चूर्ण कसलं घेता, त्याच्या अर्काच्या कॅप्सूल मिळतात, त्या घ्या. मी दोन्ही घेतलं. सकाळ-संध्याकाळ तीनशे मिलिग्रॅमची एकेक कॅप्सूल आणि झोपताना कोमट दुधात चमचाभर चूर्ण. आयुर्वेदात चूर्णाची मात्रा दिवसाला तीन ते सहा ग्रॅम सांगतात, आणि माझा शिगोशीग चमचा त्यात बसत होता. पण कॅप्सूलमधला अर्क म्हणजे आटवलेला माल, त्यामुळे ती इवलीशी दिसते म्हणून कमी नसते, हे माझ्या ध्यानात आलंच नाही.

आणि गुण आला, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून मी पहाटे साडेचारपर्यंत सलग झोपू लागले. आकडा आला तरी छातीत गोळा येईना. मी ज्याला त्याला आस्कंद सांगत सुटले. धाकट्या बहिणीची मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची गरोदर होती. तिलाही झोप नव्हती. बहिणीला फोनवर म्हटलं, "पाडव्याला येताना तिच्यासाठी डबाभर आणते."

पाडव्याला जाणं झालं नाही, शाळेच्या कामात अडकले. आज वाटतं, बरं झालं.

एप्रिल उजाडला तसं बिनसायला लागलं. फळ्यावर लिहिताना खडू थरथरायचा, 'क्ष' काढताना तर पोरं हसायची. दोन जिने चढले की छाती धडधडायची. घामाच्या धारा लागायच्या, पण एप्रिलात बीड जिल्ह्यात कुणाला लागत नाहीत? तीन किलो वजन उतरलं तेव्हा मी खूशच झाले. मग झोप पुन्हा गेली, या वेळी साफच. मी काय करावं? चूर्णाचा चमचा एकाचा दीड केला.

मला सात वर्षांपासून थायरॉइड आहे, म्हणजे ग्रंथी कमी काम करते. रोज उपाशीपोटी पंच्याहत्तर मायक्रोग्रॅमची गोळी घेते. वार्षिक तपासणीत टीएसएच नेहमी अडीच-तीनच्या घरात असायचं. या वेळी कागदावर ०.०६ आलं. साधारण ०.४ ते ४ हे ठीक समजतात. शरीरात थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की मेंदू ग्रंथीला हाकारायचं थांबवतो आणि टीएसएच खाली जातं. म्हणजे सात वर्षं जे कमी होतं ते आता जास्त झालं होतं. हाताचा कंप, धडधड, घाम, उतरलेलं वजन, उडालेली झोप, सगळं त्याचंच.

डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, गोळी चुकून दोनदा घेता का? दुसरं काही औषध?"

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरंच वाटत होतं मला. आस्कंद औषध थोडंच होतं, ते तर दुधात घालायचं.

"बरं, स्वयंपाकघरात काय आहे? काढे, चूर्ण, पावडर?"

मग सगळं बाहेर पडलं. त्यांनी शांतपणे समजावलं. 2018 साली भारतातच झालेल्या एका चाचणीत थायरॉइड किंचित कमी असलेल्या पन्नास जणांपैकी काहींना आठ आठवडे रोज सहाशे मिलिग्रॅम अर्क दिला होता. त्यांचं संप्रेरक वाढलं, टीएसएच उतरलं. "तिथं हे यश मानलं गेलं," ते म्हणाले, "पण तुम्ही आधीच गोळी घेताय. एकाच बैलाला दोघांनी पराणी टोचली तर तो उधळणारच." ज्यांची ग्रंथी आधीच जास्त काम करते, त्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये.

मी विचारलं, मग झोपेचं खोटं का? तर तसंही नाही. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील विद्यापीठातल्या मंडळींनी 2019 साली साठ जणांवर केलेल्या चाचणीत अश्वगंधा घेणाऱ्यांना झोप लवकर लागली होती. अशा पाच चाचण्या एकत्र करून पाहिल्या तरी फायदा दिसतो, पण तो लहानच. शिवाय या चाचण्या आठ-दहा आठवड्यांच्या असतात, वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं हे त्यांतून कळत नाही.

पुढचं त्यांनी जे केलं ते मला आवडलं. चूर्ण आणि कॅप्सूल दोन्ही बंद, पण थायरॉइडच्या गोळीला हात लावला नाही. दोन्ही एकदम बदललं तर नेमकं कशानं फरक पडला ते कळणार नाही. धडधडीसाठी थोडे दिवस वेगळी गोळी दिली आणि सहा आठवड्यांनी परत तपासायला सांगितलं, कारण टीएसएच सावकाश हलतं, आठवड्यात बघून उपयोग नाही. यकृताचीही तपासणी करून घेतली. अश्वगंधेनं काही जणांना कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत, अंगाला खाज आणि गडद लघवी ही तिची खूण. माझं यकृत ठीक निघालं.

उठता उठता मी भाचीचं सांगितलं. तोवर शांत असलेला माणूस एकदम ताठ बसला.

"दिलं का?"

"नाही, राहून गेलं."

"देऊ नका. जास्त मात्रेत गर्भपाताचा धोका सांगतात. आणि किती मात्रा बाळाला सुरक्षित, हे गरोदर बायकांवर कुणी तपासलेलंच नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही स्वतःहून देऊ नका." आमच्याकडे बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात आस्कंद घालणाऱ्या काकू मला तिथंच आठवल्या. झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये, असं त्यांनी जोडलं, कारण त्या गोळ्यांचा परिणाम यानं वाढू शकतो.

घरी आल्यावर कॅप्सूलची बाटली मोबाइलच्या उजेडात धरून पाहिली. गरोदर स्त्रियांनी घेऊ नये, असं मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं. चूर्णाच्या पिशवीवर अर्थातच काही नव्हतं. बहिणीला फोन लावला. ती रागावली नाही, उलट विचारत बसली, "पण अक्का, तुला तर लागू पडलं होतं ना?"

सहा आठवड्यांनी टीएसएच ०.९, तीन महिन्यांनी २.४, तेही त्याच पंच्याहत्तरच्या गोळीवर. डॉक्टर म्हणाले, एका माणसावरून शंभर टक्के सिद्ध होत नाही, परळीच्या चूर्णात आणखी काय होतं तेही आपल्याला माहीत नाही. पण थांबवल्यावर आकडा आपसूक चढला, एवढं खरं. खडू आता थरथरत नाही. तीन किलो वजन मात्र चारच्या हिशेबानं परत आलं.

चूर्ण फेकवेना. अर्धा किलोचे पैसे मोजले होते. शेवटी जास्वंदीच्या कुंडीत ओतलं, आणि दोन दिवस गॅलरीत घोडा बांधल्यासारखा वास येत होता.