सैल पाइपचं वाक्य

त्या सुपरवायझरची दोन दिवसांची हजेरी कापली गेली, ते मला अजून पचलेलं नाही.

आमचं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. कामं वॉटरप्रूफिंगची, बहुतेक कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या सोसायट्यांची. साइटवरून तो सुपरवायझर, आमचा दादा, रोज व्हॉइस नोट पाठवतो आणि तिचा मेसेज करून सोसायटीला पाठवायचं काम माझं. मी डोंबिवलीहून येते, त्यामुळे सकाळच्या लोकलमध्ये इयरफोन लावून ऐकते. दुप्पट वेगाने मात्र नाही. दादा महत्त्वाचं बोलतो तेव्हा त्याचा आवाज उतरतो, आणि वेग वाढवला की नेमकं तेच हुकतं.

मे महिन्याच्या शेवटी एमआयडीसी निवासी विभागातल्या एका सोसायटीच्या गच्चीचं काम चालू होतं. गच्ची ३००० चौरस फुटांची. सोमवारी सकाळी दादाची नोट आली. जशी होती तशीच देते:

‘हां मॅडम, ते काय झालंय, दुसरा कोट काल संध्याकाळी मारला, पण ढग होते म्हणून आत्ता हात लावून बघितला तर चिकटतंय अजून थोडं. आणि त्या बाया कपडे वाळत घालायला चपला घालून येतात, काल ठसे उठले, मी बोललो तर माझ्यावरच ओरडल्या. आणि टाकीच्या पायाशी तो जुना पाइप आहे ना, तो हलतोय, मी काकांना बोललो, काका म्हणाले प्लंबरला सांगतो, पण कोण आलं नाही. आणि पाण्याचा शटडाउन आहे म्हणतात, मग पाणी कुठून भरायचं, टँकरचे पैसे कोण देणार ते सरांना विचारा. पुढच्या गुरुवारी पाणी भरतो, शनिवारी सोडतो, म्हणजे पाऊस नाही आला आणि पाइप बसला तर. तेवढं सोसायटीला टाका.’

अशी नोट पहिल्यांदा ऐकताना मी काही लिहीत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक गोष्टीपुढे एकच खूण करते: हे दादाने स्वतः पाहिलंय की कुणाकडून ऐकलंय? कोट चिकटतोय, पाइप हलतोय, हे पाहिलेलं. ‘शटडाउन आहे म्हणतात’ हे ऐकलेलं. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती निघाली की निवासी विभागातले नळ बंद होतात हे खरं, पण कुठल्या दिवशी ते वॉचमनला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. विचारलं. शटडाउन बुधवारी होता, म्हणजे आमच्या गुरुवारला टाक्या निम्म्याच.

मग क्रम. दादा घडलं त्या क्रमाने सांगतो, वाचणाऱ्याला मात्र आधी कळायला हवं की आपल्याला काय करायचंय. दादाच्या बोलण्यात पाइप मध्येच कुठेतरी येतो, बायांच्या भांडणानंतर. माझ्या दृष्टीने सगळ्या नोटमधलं सर्वांत महागडं वाक्य तेच होतं. लेप पाइपच्या भोवती चढवलेला असतो. पाइपच हलत असेल तर लेप आणि पाइप यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, आणि चाचणीला साठवलेलं पाणी तिथूनच उतरतं. पाइप आमच्या करारात नव्हता, पण गळालं की नाव आमचंच येणार. चपलांचं भांडण मी अर्ध्या ओळीत आणलं. ‘माझ्यावरच ओरडल्या’ गाळलं, तेवढं माझ्यापाशी राहिलं.

टँकरच्या प्रश्नाला आकडा लागतो, नाहीतर समितीत नुसती चर्चा होते. ३००० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे साधारण १४,००० लिटर. १०,००० लिटरच्या टँकरच्या दोन फेऱ्या. करारात पाणी सोसायटीने द्यायचं होतं.

तयार झालेला मेसेज असा:

‘नमस्कार. गच्चीचा दुसरा कोट रविवारी पूर्ण झाला. चाचणीपूर्वी सोसायटीकडून दोन गोष्टी हव्या आहेत. १) टाकीच्या पायाजवळचा जुना पाइप सैल आहे, फोटो सोबत आहे. तो आमच्या कामात येत नाही. कृपया येत्या शनिवारपर्यंत प्लंबरकडून पक्का करून घ्यावा. त्याच्या कडेचा लेप आम्ही पुन्हा करून देऊ. २) चाचणीसाठी सुमारे १४,००० लिटर पाणी लागेल. बुधवारच्या शटडाउनमुळे टँकर सांगून ठेवावा. पाइप पक्का झाला आणि पाऊस नसला तर पुढच्या गुरुवारी पाणी भरू आणि शनिवारी सोडू. तोवर गच्चीवर कोणी जाऊ नये, लेप अजून ओला आहे.’

सरांना दाखवला. सर वाचत असताना त्यांचा अंगठा स्क्रीनवर थांबला तेव्हाच मला कळलं. म्हणाले, ‘अगं, गिऱ्हाइकाला इतक्या अटी घातल्या की त्याला वाटतं आपण आत्ताच हात वर करतोय. पाइपचं मी फोनवर सांगतो.’ आणि त्यांच्या फोनवरून गेलं ते एवढंच: ‘दुसरा कोट पूर्ण. पाण्याची सोय करावी. पुढच्या शनिवारी चाचणी पूर्ण करून गच्ची ताब्यात देऊ.’ सुटसुटीत, स्वच्छ. तिसरा हप्ता चाचणीनंतर मिळणार होता, हेही इथे सांगायला हवं.

फोनवर पाइपचं निघालं की नाही, मला माहीत नाही. प्लंबर आला नाही. गुरुवारी दादाने पाणी भरायला का-कू केली, तर सेक्रेटरींनी त्याला सरांचाच मेसेज दाखवला. भरलं. शुक्रवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या एका घराच्या छताला ओल आली.

शनिवारी गच्चीवर समिती जमली, सर होते, मीही होते. ‘तुमचं वॉटरप्रूफिंग फेल गेलं’ हे पहिलंच वाक्य. दादा सांगत होता की ओल फक्त पाइपच्या बरोबर खाली आहे, बाकी छत कोरडं आहे. कोणी ऐकेना. शेवटी त्यानेच पाणी सोडलं, पाइपभोवती सिमेंटची छोटी पाळ घातली आणि ती धरल्यावर फक्त तेवढ्याच भागात रंग कालवलेलं पाणी भरलं. काही तासांनी खालच्या छतावर तोच रंग उतरला. लेप ठीक होता. यावर सेक्रेटरी म्हणाले, ‘मग आधी सांगायचं ना.’ आणि सर दादाकडे वळून, सगळ्यांसमोर: ‘सांगायला काय झालं होतं रे तुला?’

त्याने सांगितलं होतं. माझ्या फोनमध्ये त्याच्या आवाजात आहे. मी तिथल्या तिथे म्हणाले, ‘सर, दादाची नोट आहे,’ तर सर म्हणाले, ‘ते ऑफिसमध्ये बघू.’ ऑफिसमध्ये बघितलं ते असं की पुन्हा पाणी भरण्याचे दोन दिवस दादाच्या हजेरीत धरले नाहीत.

सरांचं सगळंच चुकतं असंही मला म्हणता येत नाही. त्याआधी एका सोसायटीला मी सगळ्या अटींसकट लांबलचक मेसेज पाठवला होता आणि त्यांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला होता. वाचलाच नव्हता. आता मी तारखेला अट चिकटवून लिहिते: ‘प्लंबरचं काम झाल्यापासून पाचव्या दिवशी पाणी भरू.’ वार लिहीतच नाही. अट काढली तर वाक्यात तारीखच उरत नाही, मग कापणार काय? हे काम करणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन. सर तरी यावर कुरकुरतात आणि कधीकधी वार घालतातच.

त्या दिवसांत मला दादाच्या नोटांचा कंटाळा यायचा, हेही खरं. ‘मुद्द्याचं बोला दादा’ असं मी कितीदा म्हटलं असेल. आता तो मुद्द्याचंच बोलतो, बोलत नाही म्हणा, टाइप करतो. काल कल्याणच्या साइटवरून मेसेज आला: ‘दोन कोट झाले. ओके.’ मी फोन लावला. ‘दादा, तिथे पाइप, वाटा, कडा, काही हलतंय-बिलतंय का?’

तो म्हणाला, ‘ते सरांना विचारा मॅडम.’