बैस आता

कोजागरीच्या गाण्यांत चंद्र फार बोलतो. शीतल, धवल, शुभ्र, रुपेरी असे सगळे शब्द दोन कडव्यांत संपतात आणि तिसऱ्या कडव्यापासून टाळ चढायला लागतात. शेवट तार सप्तकात, दुप्पट लयीत. गाणं म्हणून वाईट नसतं, पण त्यात थंडावा नसतो. थंडावा सांगितलेला असतो, एवढंच.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोजागरीला भजन होतं, आणि सुरुवात नेहमी तळमजल्यावरच्या काकू करतात. यंदा पावसाळ्यात त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बोलणं पूर्ववत झालं, पण वरचा आवाज गेला. षड्जापासून पंचमापर्यंत नीट लागतो, धैवतावर नुसती हवा. "यंदा मी मागे बसून टाळ धरते," असं त्या म्हणाल्या, आणि ते ऐकवेना. पाच सुरांत मावेल असं काहीतरी लिहून देतो, असं मी सांगून बसलो. हाताशी बारा दिवस होते.

छंदाचा प्रश्न नव्हता. देवद्वार छंद, म्हणजे आपल्या नेहमीच्या अभंगाचा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, चौथ्याला यमक नसतं. मात्रा मोजायच्या नाहीत, जोडाक्षर एकच धरायचं. बोलताना आपण 'तारेवर' तीन झटक्यांत म्हणतो, पण गाताना शेवटचा 'अ' पुरा उच्चारायचा, की अक्षरं चार होतात. मला या छंदातलं सगळ्यांत आवडतं ते शेवटचं चार अक्षरी पाऊल. तीन वेळा सहा ऐकून कान सहाची वाट बघतो, आणि दोन अक्षरं येतच नाहीत. ती जागा गाणारा शेवटचा स्वर लांबवून भरतो. यमक नसल्यामुळे ते बंदही होत नाही, उघडं राहतं. स्तब्धता आणायची तर ती इथे आणायची, विशेषणांत नाही, असं ठरवलं.

मग देव कोणता? कोजागरीची देवी तर सारखी चालणारी. 'को जागर्ति', कोण जागं आहे, असं विचारत ती रात्रभर फिरते, आणि जागा सापडेल त्याला देते. म्हणून बहुतेक गाण्यांत आपण तिला हाका मारतो, ये म्हणतो, दे म्हणतो. हाक म्हटली की आवाज वर जाणारच, आणि काकूंकडे वर नव्हतंच. दोन दिवस वहीत काही उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, इतकी फिरते तर तिला कुणी बस म्हणत असेल का? घरी आलेल्या बाईला आपण पहिलं तेच म्हणतो. 'बैस आता' ही मोजून चार अक्षरं. ध्रुवपद तिथेच मिळालं, बाकीचं त्याच्याभोवती आलं.

कोण जागे म्हणे । माय दारोदारी ।
सतरंजीवरी । बैस आता ॥

गच्चीवर आले । चांदणे निवांत ।
पातेल्याच्या आत । चंद्र उभा ॥

तारेवर ओला । पदर निजला ।
वारा विसावला । कठड्याशी ॥

मागायाचे काही । आठवेना माये ।
सारे जागे आहे । तुझ्यापाशी ॥

यात थंडीचा एकही शब्द नाही, आणि तो मुद्दाम ठेवला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहालाही सतरंजीखालून कोमट लागतो. अशा ठिकाणी 'शीतल' म्हटलं तर बसणाऱ्याच्या पायाला ते खोटं कळतं. वाळत घातलेली साडी, कठडा, पातेलं, एवढंच तिथे खरोखर असतं. ओल्या पदरावर आमच्या सेक्रेटरींनी आक्षेप घेतला, की नियमाप्रमाणे संध्याकाळी सहानंतर तारेवर कपडे ठेवायचे नाहीत. अभंगाला सोसायटीचा नियम लागू नाही, असं काकूंनीच त्यांना सांगितलं.

क्रियापदांवर मात्र मी फार वेळ घालवला. चांदण्याच्या गाण्यात चंद्र शिंपतो, बरसतो, झरतो, ओततो. हे सगळं चाललेलं काम आहे, आणि काम चालू असलं की शांतता येत नाही. म्हणून 'आले', 'निजला', 'विसावला' अशी होऊन गेलेली क्रियापदं घेतली. पदर हलायचा तेवढा हलून झाला आहे. 'माय दारोदारी' या चरणात तिला चालायचं क्रियापद दिलंच नाही. 'चंद्र उभा' या चरणातही क्रियापद नाही. मराठी माणसाला देवाच्या संदर्भात 'उभा' म्हटलं की विटेवरचा आठवतो, त्यासाठी त्याचं नाव घ्यावं लागत नाही.

ती ओळ आधी तपासून पाहिली. उकळत्या दुधात चंद्र दिसत नाही. गॅस बंद केल्यावर दूध निवळायला थोडा वेळ लागतो, आणि त्यानंतर लवकरच साय धरते. त्या मधल्या वेळात, पातेल्यावर वाकलं तर एक फिकट ठिपका दिसतो, पाण्यात दिसते तशी चकती नाही. शिवाय नऊच्या सुमारास चंद्र पूर्वेला तिरका असतो, तेव्हा वाकायचं ते पश्चिमेच्या बाजूने. डोक्यावर यायला मध्यरात्र होते. म्हणून गाणं कधी म्हणायचं तेही ठरलं: गॅस बंद केल्यानंतर, पेले भरण्याआधी.

चाल काकूंनीच लावली. केदारची छाया आहे, शुद्ध केदार म्हणता येणार नाही, कारण धैवत टाळला आहे. पण केदारात मध्यमाला मान असतो, आणि मध्यम काकूंच्या पाच सुरांच्या आत येतो. षड्जावरून सरळ मध्यमावर जाऊन 'बैस आता' मधला 'ता' त्या तिथे धरतात. तो 'आ'कार मी हट्टाने ठेवला होता. उघडा स्वर दुखऱ्या गळ्याला सोपा, आणि मागच्या वीस-पंचवीस जणांनाही. 'कठड्याशी', 'तुझ्यापाशी' मधला 'ई' काकूंना लांबवायला जड जातो. तिथे त्या अक्षर नुसतं ठेवून देतात आणि उरलेल्या मात्रा घोळक्याने भरायच्या.

ठेका भजनीच, पण ढोलकी नको. टाळांची एकच जोडी, तीही फक्त समेवर, आणि वाजवल्याबरोबर कडा बोटांनी दाबायची. नाहीतर पितळेचा नाद दोन-तीन मात्रा मागे रेंगाळतो आणि नेमकी ती मोकळी जागा खातो. सगळ्यांत अवघड होतं ते लय न वाढवणं. भजनी मंडळींच्या हाताला सवय असते, तिसऱ्या कडव्याला हात आपोआप पळतात. ओळखायची खूण म्हणजे 'बैस आता' नंतर कुणी श्वास न घेता पुढचं कडवं उचललं की समजायचं, लय सुटली. तालमीत हे रोज होत होतं. शेवटी काकूंनी टाळ एका नातवाच्या हातात दिले, त्याला सवयच नव्हती.

त्या रात्री ध्रुवपद सात-आठ वेळा झालं असेल. 'तुझ्यापाशी' ला काकू थांबल्या आणि पुढचा 'ई' लोकांनी धरला, एका सुरात नाही, पण खाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी उठेनाही. साय चांगलीच धरली होती, आणि दूध पुन्हा गरम करायला लागलं.