अनामत रकमेचा तंटा आणि तीन जोडशब्द

ल्योंमध्ये शिकत असलेल्या माझ्या भाचीने आपली भाड्याची खोली सोडून ३० जून रोजी किल्ल्या घरमालकाच्या स्वाधीन केल्या, आणि सप्टेंबर अर्धा उलटल्यावर तिला ईमेल आला की, ४८० युरोंच्या अनामत रकमेतून भिंतीच्या रंगकामाचे २४० आणि दाराच्या मोडक्या मुठीचे २० युरो वजा केले जातील. त्याच शहरात दीर्घकाळ राहून फ्रेंच पत्रव्यवहारात मुरलेल्या मामाकडे तिने उत्तराचा मसुदा पाठविला. मजकूर व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता आणि मुद्देही सगळे खरे होते. परंतु ते ज्या शब्दांनी एकमेकांस जोडले होते, त्यांनी तिची बाजू बळकट होण्याऐवजी दुर्बळ होत होती.

तिने लिहिले होते : ही वजावट मला मान्य नाही, ‘पार आयर’, भिंतीवरचा डाग मी राहावयास येण्यापूर्वीचा आहे, ‘तूतफ्वा’, रक्कम परत करण्याची मुदत उलटून गेली आहे.

आता डागाचे वाक्य पाहा. खोली ताब्यात घेताना उभय पक्षांनी सह्या केलेल्या तपासणीपत्रकात तो डाग नमूद होता, म्हणजे पहिल्या वाक्यातील हरकतीचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. आधी केलेल्या विधानाचे कारण किंवा दाखला पुढे आणावयाचा असता फ्रेंच लेखक ‘आं नेफे’ हा शब्दप्रयोग योजतो, आणि तो वाचताच मागील विधान आता सिद्ध केले जाणार अशी वाचणाऱ्याच्या मनाची तयारी होते. ‘पार आयर’ने मात्र विषयाची कूस बदलते, तिच्या मसुद्यात पुराव्याची जणू एक निराळी तक्रार झाली होती आणि मूळ हरकत निराधार उभी राहिली होती. ‘आं नेफे’ची ‘आं फॅत’शी गल्लत करणारेही पुष्कळ भेटतात. उच्चार जवळचे असले तरी दुसरा प्रयोग ‘वस्तुतः प्रकार वेगळाच आहे’ अशा दुरुस्तीसाठी असतो, आणि पुराव्याच्या जागी तो पडला तर लिहिणारा स्वतःचेच विधान मागे घेतो आहे असा भास होतो.

‘पार आयर’ची खरी जागा मुदतीपाशी होती. ६ जुलै १९८९ च्या भाडेकरूविषयक कायद्यानुसार खोली सोडतानाची स्थिती प्रवेशाच्या वेळच्या स्थितीशी जुळत असेल तर एका महिन्यात, आणि जुळत नसेल तर दोन महिन्यांत अनामत रक्कम परत करावी लागते. मालकाचे म्हणणे खरे धरले तरी दोन महिन्यांची मुदत ऑगस्टअखेर संपली होती. हा मुद्दा डागावर मुळीच अवलंबून नाही. डागाचा पुरावा उद्या कोणी अमान्य केला तरी हा मुद्दा अबाधित राहतो. असा स्वतंत्र आधार दाखविण्यासाठीच ‘पार आयर’ आहे. एकाच आधाराला त्याच दिशेने अधिक बळ द्यावयाचे असते तर ‘द प्ल्यूस’ पुरेसे झाले असते.

‘तूतफ्वा’ मागील विधान रद्द करीत नाही, त्याला मर्यादा घालतो. मुदतीच्या मुद्द्यापूर्वी तो आल्याने आता लेखिका समोरच्याला काही सवलत देणार असे वाटत होते, आणि प्रत्यक्षात तर ती आणखी एक आक्षेप घेत होती. सवलत देण्याजोगी एक गोष्ट मात्र होती : दाराची मूठ तिच्याच हातून मोडली होती. ती कबुली आम्ही तिथे घातली.

नवा मसुदा असा झाला : रंगकामाची वजावट मला मान्य नाही. ‘आं नेफे’, सोबत जोडलेल्या प्रवेशाच्या वेळच्या तपासणीपत्रकात त्या डागाची नोंद आहे. ‘पार आयर’, रक्कम परत करण्याची कायदेशीर मुदत संपली आहे. ‘तूतफ्वा’, मुठीचे २० युरो मला कबूल आहेत. सबब ४६० युरो परत करावेत. या ‘सबब’च्या जागी फ्रेंचमध्ये ‘दाँक’ आला. पाच वाक्ये, आणि प्रत्येकाचे मागच्याशी असलेले नाते वाचणाऱ्याला तर्क न लढविता कळावे असे.

विलंबाच्या प्रत्येक सुरू झालेल्या महिन्यापोटी मासिक भाड्याच्या दहा टक्के जादा मागण्याचा हक्कही कायदा देतो; तो आम्ही या पत्रात राखून ठेवला. हे जोडशब्द पुराव्याची उणीव भरून काढीत नाहीत, हेही इथे नमूद केले पाहिजे. ते तपासणीपत्रक हाती नसते तर ‘आं नेफे’ पोकळ ठरला असता. आणि हे शब्द प्रत्येक वाक्याच्या आरंभी पेरले तर पत्र यांत्रिक वाटू लागते. म्हणून शेवटच्या मसुद्यात ‘तूतफ्वा’ आम्ही क्रियापदानंतर नेला, जे फ्रेंच गद्यास उत्तम मानवते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ४६० युरो तिच्या खात्यात जमा झाले.