क्षणभराचा पाहुणा

गेल्या हिवाळ्यात मला 1-हेक्साइनपासून हेक्सनाल हवं होतं. सहा कार्बनांची साखळी, टोकाला तिहेरी बंध. तिथे पाण्याचा एक रेणू जोडायचा, एवढंच काम. पण पाणी कसं जोडता, यावर पदार्थ ठरतो.

आम्ही बी.एस्सी.ला शिकलो ती पद्धत पाऱ्याच्या क्षाराची आणि सल्फ्युरिक आम्लाची. त्यात पाण्याचा ऑक्सिजन टोकाच्या कार्बनला न चिकटता आतल्या, दुसऱ्या कार्बनला चिकटतो, कारण धन भार तिथे जास्त पेलला जातो. तयार होतो एक इनॉल, म्हणजे दुहेरी बंधाच्या कार्बनवर बसलेला OH. तो टिकत नाही. OH वरचा हायड्रोजन सुटतो, शेजारच्या कार्बनवर एक येऊन बसतो आणि हाती येतो 2-हेक्सानोन, मिथाइल कीटोन.

आल्डिहाइड हवा असेल तर OH टोकावरच बसायला हवा. ही वाट पर्ड्यू विद्यापीठात सापडली. 1956 मध्ये हर्बर्ट ब्राउन आणि त्यांचे सहकारी बी. सी. सुब्बाराव एस्टरांचं क्षपण मोजत होते. एथिल ओलिएट अपेक्षेपेक्षा जास्त हायड्राइड खात होता, कारण त्यातला दुहेरी बंधही बोरॉन पकडत होता. पुढे ब्राउनना 1979 चं नोबेल मिळालं. अल्काइनसाठी मात्र साधं बोरेन चालत नाही, ते दोनदा जोडलं जातं. म्हणून डायसियामिलबोरेनसारखं अंगाने जाडजूड बोरेन घ्यायचं. ते गर्दीमुळे टोकाच्याच कार्बनवर बसतं आणि एकदाच. मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडा घातला की बोरॉनच्या जागी OH येतो. पुन्हा इनॉल, पण दुसरा, आणि त्यातून हेक्सनाल.

मी हे सगळं केलं. NMR पाहिला. 2.1 ला कीटोनच्या मिथाइलचा एकेरी पीक नव्हता, म्हणजे जागा बरोबर होती. पण 9.7 ला अपेक्षित असलेला आल्डिहाइडचा त्रिकूट पीक अगदी बारीक होता. त्याऐवजी 9.4 ला एकेरी पीक, 6.4 ला आणखी एक. बोरॉनने काम नीट केलं होतं, बिघडवलं मी: सोडा सढळ हाताने ओतला, आणि फ्लास्क गरम होऊ दिला.

आल्कलीत हेक्सनाल पुन्हा इनॉलच्या रूपाकडे, इनोलेटकडे वळतो आणि दुसऱ्या हेक्सनालवर तुटून पडतो. पाणी निघून गेलं की उरतो बारा कार्बनांचा असंतृप्त आल्डिहाइड. माझे दोन्ही अनोळखी पीक त्याचेच.

पुढच्या वेळी फ्लास्क बर्फात ठेवला, पेरॉक्साइड थेंबाथेंबाने घातलं आणि बफर वापरून pH 7 ते 8 वर धरला. 9.7 चा पीक उंच उभा राहिला. ज्या इनॉलने मला आल्डिहाइड दिला, त्याच्याच जातभाईने आधी तो खाल्ला होता. दोघांतला एकही मला कधी दिसला नाही.