एका 'हॅलो'चे उत्तर

झालं असं की 2022 साली आमच्या कचेरीत काही कंत्राटी जागा भरायच्या होत्या. जाहिरातीत चौकशीसाठी एक मोबाईल नंबर दिला होता, त्यावर 'व्हॉट्सॲप बिझनेस' घातलेलं. हेडक्लार्कबाईंनी तो फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही बी.ए. मराठी ना? मग तुम्हीच बघा."

पहिल्याच रात्री, पावणेदहा वाजता, एक संदेश आला. "हॅलो." बस्स, एवढंच. फोनने आपणहून ठरलेलं स्वागत पाठवलं: संदेशाबद्दल आभार, लवकरच संपर्क साधू. सकाळी मी लिहिलं, "येस?" दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे वाचलं. पण उत्तर नाही.

चार दिवसांनी त्याच नंबरावरून "हॅलो सर" आलं. या खेपेला फोनही गप्प राहिला, कारण ते आपोआप जाणारं स्वागत पहिल्या संदेशाला जातं, आणि नंतर चौदा दिवस काहीच बोलणं झालं नसेल तरच पुन्हा जातं. मी घाईत होतो. "जाहिरात वाचा," एवढं लिहून मोकळा झालो.

मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी काणकोणहून एक मुलगी खिडकीवर आली. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला हातात, कालच मिळालेला. तिला एवढंच विचारायचं होतं की दाखला यायला वेळ आहे, तर मामलेदार कचेरीची पावती जोडून अर्ज केला तर चालेल का. त्या वेळी ते चालत होतं. दाखला मुलाखतीच्या दिवशी दाखवला तरी पुरे होता. "मग विचारलं का नाही?" मी म्हटलं. ती म्हणाली, "विचारलं ना सर, दोनदा. तुम्ही रागावल्यासारखे वाटलात."

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या रात्री मी त्या दोन उत्तरांकडे बराच वेळ पाहत राहिलो.

नुसतं 'हॅलो' लिहिणारा माणूस आळशी असतो असं आपण समजतो. तो खरं म्हणजे दार ठोठावत असतो. नंबर खरा आहे का, पलीकडे माणूस आहे का, आणि आपल्या भाषेत बोललं तर चालेल का, हे त्याला आधी पाहायचं असतं. 'येस?' यातल्या कशाचंच उत्तर देत नाही. उलट पुढचं वाक्य जुळवण्याचं ओझं त्याच्यावरच टाकतं.

पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात निघाली तेव्हा मी हे लिहून ठेवलं:

"नमस्कार. मी भरती विभागातून लिहितो आहे. तुमचा संदेश मिळाला. तुम्ही डेटा एन्ट्रीच्या जागेसाठी विचारताय की एमटीएसच्या? ठरलं नसेल तर शिक्षण कळवा, मी पाहून सांगतो. कोंकणी, मराठी, इंग्रजी, कशातही लिहा."

यात प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. पहिल्या मसुद्यात मी नाव, वय, शिक्षण, अनुभव, पत्ता असे पाच प्रश्न घातले होते. तो फॉर्म झाला, संभाषण नव्हे. भाषेचं वाक्य मुद्दाम घातलं, कारण 'हॅलो'वरून भाषा कळत नाही, आणि आडनावावरून ओळखायला जाऊ नये. आपल्याकडे तर मुळीच नको! रोमी लिपीतली कोंकणी वाचायला मला जरा वेळ लागतो, पण तो माझा प्रश्न.

"आधार कार्डाचा फोटो पाठवू नका, या भरतीला पैसे लागत नाहीत," ही सूचना पहिल्याच उत्तरात घालावी असं हेडक्लार्कबाईंचं मत होतं. मी ती दुसऱ्या उत्तरात ठेवली. दार उघडताच कुणी चोरांबद्दल बोलू लागलं तर पाहुणा बिचकतो.

मात्र आपुलकीच्या भरात आशा लावायची नाही, हेही शिकलो. एकाला मी "तुम्ही अगदी योग्य आहात" असं लिहून बसलो होतो. निवड माझ्या हातात नव्हती, आणि तो ते वाक्य घेऊन खिडकीवर आला. तेव्हापासून "तुमचं शिक्षण या जागेच्या अटीत बसतं, अर्ज 15 तारखेपर्यंत करा" इतकंच. रात्रीच्या आपोआप उत्तरातलं 'लवकरच' काढून तिथे 'उद्या सकाळी दहानंतर' घातलं. शुक्रवारी संध्याकाळी ते 'सोमवारी' असं बदलावं लागतं. एकदा विसरलो, तर शनिवारी एकाने सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आठवण करून दिली.

त्या भरतीत मुदतीच्या आदल्या दिवशी एक 'हॅलो' आला. माझं उत्तर गेलं. दहा मिनिटं काही नाही. मग आलं, "एमटीएस. दाखल्याची पावती आसा, चलता?"

मी लिहिलं, "चलता. पावतीची प्रत जोडा. मूळ दाखला मुलाखतीक हाडात."